बाबांकडून फक्त जमिनीचा अस्पष्ट फोटो आला, सोबत एक शब्द नाही. चुकून आला असेल का?

बहुतेक चुकूनच. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये कॅमेऱ्याचं बटण मजकुराच्या चौकटीत किंवा तिच्या अगदी शेजारी असतं. टाइप करायला जाताना बोट तिथे पडतं, मग बाहेर पडायच्या गडबडीत आधी फोटो निघतो आणि नंतर पाठवायचा बाणही दाबला जातो. फरशीच्या रेघा एकाच दिशेला ओढल्यासारख्या दिसत असतील, तर फोटो निघताना फोन हलत होता. कोपऱ्यात बोटाची सावली असेल तर शंका आणखी कमी.

तरी गृहीत धरू नका. त्यांना काही सांगायचं असेल आणि टाइप करणं जमलं नसेल, असंही होतं. त्याच फोटोला रिप्लाय देऊन विचारा, "बाबा, हा मुद्दाम पाठवलात का?" एरवी ते फोटो पाठवत नसतील किंवा वेळ अवेळी असेल, तर सरळ फोनच करा.