नवीन गाडीचा पिवळा दिवा इतक्या लवकर का लागतो?

प्रश्न: माझी २०१२ ची पेट्रोल गाडी दहा-अकरा वर्षं चालवली, इंजिनचा पिवळा दिवा एकदाही लागला नाही. २०२३ च्या शेवटी नवीन घेतली. रोज घोडबंदर रोडने ठाणे ते मीरा रोड जातो. मागच्या महिन्यात दिवा लागला, गाडीत काहीच जाणवत नव्हतं, काही दिवसांनी आपोआप गेला. आता परत लागलाय. नवीन गाड्या कच्च्या असतात का? असंच चालवलं तर चालेल?

उत्तर:

गाडी कच्ची नाही, आणि असंच चालवू नका. तुमच्या जुन्या गाडीतही असे बारीक बिघाड झालेच असणार. ते शोधायचं बंधन तेव्हा नव्हतं, एवढाच फरक.

माझं वागळे इस्टेटमध्ये गॅरेज आहे. तुमच्यासारखी तक्रार घेऊन हल्ली बरेच जण येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे बीएस४ गाड्यांना एप्रिल २०१० पासून ओबीडीचा, म्हणजे गाडीने आपले बिघाड आपणच शोधून दिवा लावायच्या नियमाचा, पहिला टप्पा लागू झाला. त्यात गाडीच्या कॉम्प्युटरने, म्हणजे ईसीयूने, मुख्यतः एवढंच बघायचं होतं की सेन्सरची वायर तुटली आहे का, शॉर्ट झाली आहे का. पार्ट जोडलेला आहे पण काम नीट करत नाही, हे ओळखणं सक्तीचं नव्हतं. तुमची २०१२ ची गाडी त्या काळातली. एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा आला. तेव्हापासून मिसफायर होतोय का, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटता राहतंय का, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, थोडक्यात कॅट, धूर साफ करतोय का, यावर लक्ष ठेवणं आलं आणि धुराची ठरावीक हद्द ओलांडली की दिवा लागणंही आलं.

ही हद्द पुढे आवळत गेली. एकच आकडा सांगतो, पेट्रोल गाडीच्या नायट्रोजन ऑक्साइडचा. बीएस४ च्या दुसऱ्या टप्प्यात किलोमीटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत मोकळीक होती. २०२० च्या बीएस६ मध्ये ती १५० झाली आणि एप्रिल २०२३ पासून ९०. मुळात बीएस६ गाडीने ६० च्या आत राहायचं असतं. म्हणजे आता गाडी आपल्या मर्यादेच्या दीडपट घाण करायला लागली की दिवा लागलाच पाहिजे. पूर्वी ती कितीतरी पुढे गेली तरी डॅशबोर्ड गप्प असायचा.

२०२३ च्या नियमात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. कॅटची किंवा ऑक्सिजन सेन्सरची तपासणी ईसीयू सतत करत नाही. इंजिन तापलेलं हवं, वेग थोडा वेळ स्थिर हवा, अशा अटी जुळल्या की करतो. कंपनीने या अटी फार कडक ठेवल्या तर तीन हात नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये फिरणाऱ्या गाडीत ती तपासणी महिनोन्‌महिने होणारच नाही. म्हणून आता गाडीच्या किती फेऱ्या झाल्या आणि त्यांतल्या कितींमध्ये तपासणी पूर्ण झाली, याचा हिशोब ईसीयूला ठेवावा लागतो आणि ते प्रमाण किमान पातळीच्या खाली जाऊन चालत नाही. दिवा लवकर लागण्यामागे हेही मोठं कारण आहे.

आता मिसफायरचं उदाहरण घेतो, कारण लवकर कळण्याचा फायदा सगळ्यात स्पष्ट तिथेच दिसतो.

सिलिंडरमध्ये पेट्रोल जळलं की क्रँकला धक्का मिळतो. एखादा धक्का चुकला की क्रँक तेवढ्यापुरता किंचित मंदावतो. क्रँकजवळचा सेन्सर दातेरी चाकाचे दाते मोजत असतो, त्यामुळे हा क्षणभराचा उशीर ईसीयूला कळतो आणि कोणत्या सिलिंडरचा धक्का चुकला तेही कळतं. धुराच्या दृष्टीने ईसीयू क्रँकच्या साधारण १००० फेऱ्यांचा हिशोब धरतो. चार सिलिंडरच्या इंजिनात तेवढ्यात २००० वेळा पेट्रोल पेटतं. त्यातलं ४० वेळा पेटलं नाही तर झाले २ टक्के. हे तुम्हाला स्टिअरिंगवर बसून कळणार नाही, एसी चालू असेल तर अजिबातच नाही. पण न जळलेलं पेट्रोल आणि हवा थेट कॅटमध्ये जाते आणि तिथे पेटते. एरवी ४०० ते ८०० अंशांत काम करणारी कॅट मग हजारच्या आसपास जाते. आतल्या जाळीवरचा मौल्यवान धातूंचा थर खराब होतो आणि प्रकरण वाढलं तर जाळीच वितळते.

गेल्या पावसाळ्यात एक गिऱ्हाईक आलं, गाडी तुमच्या गाडीच्याच वयाची, चार सिलिंडर पेट्रोल. "दिवा लागलाय, बाकी गाडी मख्खन आहे," म्हणाले. स्कॅनर लावला तर कोड `P0302`, म्हणजे दोन नंबर सिलिंडरमध्ये मिसफायर. कोड पुसण्याआधी मी फ्रीझ फ्रेम बघतो. कोड पडला त्या क्षणी गाडीची काय अवस्था होती, ते ईसीयू साठवून ठेवतो. तिथे होतं: पाण्याचं तापमान ९१, आरपीएम २१००, वेग ३४, लोड ८० टक्क्यांच्या वर. इंजिन पूर्ण तापलेलं, वेग कमी आणि लोड भरपूर. मी विचारलं, घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या घाटातून जाता का? रोज, म्हणाले.

चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि तेवढ्या दाबात ठिणगी पाडायला कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. कॉइल थोडी कमजोर असेल तर ती आयडलला आणि सपाट रस्त्यावर निभावून नेते, चढावर उघडी पडते. दोन नंबरची कॉइल काढली तर तिच्या रबरी बुटावर केसाएवढी काळी रेघ होती. ठिणगी प्लगच्या टोकाऐवजी त्या रेघेवरून बाहेर निसटत होती. वायर शाबूत, सर्किट शाबूत. २०१२ च्या नियमाने बघितलं असतं तर यात बिघाड काहीच नाही.

तरी नुसत्या रेघेवर विसंबून पार्ट बदलायचा नाही. दोन नंबरची कॉइल तीनवर लावली, तीनची दोनवर. फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून ठेवला, कोड पुसला आणि स्कॅनर लावूनच गाडी परत चढावर नेली. आता मिसफायरचा आकडा तीन नंबरचा वाढायला लागला आणि थोड्या वेळात `P0303` पेंडिंगमध्ये आला. कॉइलबरोबर दोष सरकला, म्हणजे दोष कॉइलचाच. दोष दोनवरच राहिला असता तर प्लग, इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन असं पुढे जावं लागलं असतं. एका कॉइलवर काम भागलं, दोन-तीन हजारांत. वॉरंटी असेल तर तेही नाहीत.

याच दोषाची जुनी गाडी माझ्याकडे येते ती "पिकअप गेलाय, घाटात दम तोडते" म्हणून. सायलेन्सरच्या पाइपवर हाताने ठोकलं की आत खडखड वाजतं. कॅट उतरवली की जाळीचे तुकडे बाहेर पडतात, आणि जे आत राहिलंय त्याने वाट अडवलेली असते. मूळ दोष बहुधा कधीकाळची कॉइल किंवा घासलेला प्लग. खर्च मात्र आता पाच आकडी. मालक हमखास सांगतो, "पण दिवा कधी लागलाच नाही हो!"

तुमचा दिवा आपोआप का गेला, तेही सांगतो. बहुतेक दोष एकदा दिसले की ईसीयू नुसती पेंडिंग नोंद करतो. पुढच्या फेरीतही दिसले की साधारणपणे दिवा लावतो. नंतर सलग ३ फेऱ्यांत दोष दिसला नाही की दिवा विझवतो. कोड मात्र लगेच जात नाही, इंजिन ४० वेळा थंडाचं गरम होईपर्यंत तो राहतो. म्हणजे मागच्या महिन्यात दिवा गेल्यावरही तुम्ही आला असतात तर नोंद मिळाली असती. आणि दिवा लागलेला असताना गाडी किती किलोमीटर चालली, हेही ईसीयू मोजून ठेवतो. उद्या वॉरंटीवरून वाद झाला तर तो आकडा सर्व्हिस सेंटरवाल्याला दिसणार आहे.

नेटवर वाचून पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट करत बसू नका. तो सल्ला अमेरिकेतल्या गाड्यांचा आहे. तिथे टाकीतून वाफ गळते का हे तपासणं सक्तीचं आहे, आपल्या नियमात ते बंधन नाही. पीयूसी पास झाली म्हणजे गाडी ठीक, असंही समजू नका. ती तपासणी गाडी उभी असताना होते, आणि चढावरचा मिसफायर उभ्या गाडीत दिसत नाही.

दिव्यालाही मर्यादा आहेत. तो लक्षण सांगतो, पार्ट सांगत नाही. `P0420` आला, म्हणजे कॅटचं काम कमी पडतंय असा कोड आला, की काही जण थेट कॅट बदलायला सांगतात. मागच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी पाइपच्या जॉइंटला बारीक गळती असली तरी हाच कोड येऊ शकतो. आधी गळती बघा म्हणावं, आणि सोबत मिसफायरचा कोड असेल तर आधी तो सोडवायला सांगा.

आता तुम्ही काय करायचं? दिवा चालू आहे तोवरच गाडी दाखवा. बॅटरीची वायर काढू नका आणि ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरने कोड पुसू नका, वाचायला हरकत नाही. पुसलं की फ्रीझ फ्रेम जाते आणि सगळ्या तपासण्या पहिल्यापासून सुरू होतात. सर्व्हिस सेंटरला कोड आणि फ्रीझ फ्रेम कागदावर मागा. "सॉफ्टवेअर अपडेट केलं, दिवा गेला" एवढ्यावर गाडी घेऊन येऊ नका, कोणता कोड होता ते लिहून घ्या.

हे सगळं दिवा स्थिर जळत असेल तर. तो लुकलुकायला लागला तर ईसीयू क्रँकच्या २०० फेऱ्यांच्या छोट्या हिशोबात कॅट जाळण्याइतका मिसफायर बघतोय. मग ॲक्सिलरेटर सोडा, लोड कमी करा. लुकलुकणं थांबून दिवा स्थिर झाला तर हळू चालवत जवळचं गॅरेज गाठा. थांबलं नाही तर गाडी बाजूला घ्या, बंद करा आणि टोइंगला फोन लावा. घाटाच्या मध्ये असाल तर जरा रुंद जागा बघून, कारण गायमुखला मागून कंटेनर येत असतात.