कादंबऱ्यांत रमलेली मुलगी आणि तिचे वादविवादाचे भाषण

"माझी मुलगी नववीत आहे. कथा-कादंबऱ्या वाचल्याने मुलांना दुसऱ्याचे मन कळू लागते, या विषयाच्या बाजूने ती शाळेच्या वादविवाद स्पर्धेत बोलणार आहे. घरी मात्र पुस्तकातून डोके वर काढत नाही आणि आजीशी धड बोलत नाही. या वाचनाचा खरेच काही उपयोग होतो का, आणि तिने असे भाषण करावे का?" (एक आई, सोलापूर)

तिने भाषण अवश्य करावे. उपयोगही होतो, मात्र तो बेताचा असतो आणि पुस्तकातून घरापर्यंत आपसूक पोहोचत नाही. हीच तक्रार घेऊन आलेल्या एका कुटुंबाची हकिगत ओळख पटणार नाही अशा बेताने सांगते.

सोलापूरच्या पूर्व भागातले घर, खाली यंत्रमाग आणि वर राहण्याच्या खोल्या. मुलगी भाषणाचा कच्चा मसुदा घेऊनच आली होती. त्याचा सारा भार 2013 साली 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगावर होता. साहित्यिक कथांचे छोटे उतारे वाचलेल्यांना, केवळ डोळ्यांची छायाचित्रे पाहून समोरच्याची भावना ओळखणे लगेचच अधिक चांगले जमले, असा त्याचा निष्कर्ष होता. हा दाखला ऐकायला मोठा छान वाटतो, पण विरोधी बाजू तयारीची असेल तर तो मिनिटभरही टिकणार नाही, कारण 'सायन्स' आणि 'नेचर'मधील निवडक प्रयोग पुन्हा करून पाहिल्याचा अहवाल 2018 मध्ये आला, तेव्हा हा परिणाम पुन्हा दिसला नव्हता.

"मग मी बोलू तरी काय?" असे म्हणून ती हिरमुसली. जे टिकते तेवढेच बोल, असे मी म्हटले. अशा अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र मांडले असता कथा वाचणाऱ्यांत लहानशी सुधारणा दिसते. आयुष्यभर कथा वाचत आलेल्यांना दुसऱ्याचे मन थोडे अधिक ओळखता येते, असेही आढळते; पण वाचनामुळे ती जाण आली की माणसांविषयी मुळातच कुतूहल असलेले लोक कथांकडे वळले, हे त्यावरून ठरत नाही. ही कबुली वक्त्याने स्वतःच दिली, तर खंडन करणाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नाही. तिला अधिक उपयोगी पडला तो इटलीतील प्राथमिक शाळेत झालेला, 2015 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. त्यात मुलांनी हॅरी पॉटरच्या पुस्तकांतील पूर्वग्रहाविषयीचे उतारे काही आठवडे वाचले आणि त्यांवर चर्चाही केली. नायकाशी ज्यांचे मन जुळले, त्या मुलांचा स्थलांतरितांकडे पाहण्याचा दृष्टिकोन निवळला. तेथे वाचनाला बोलण्याची जोड होती, आणि माझ्या मते घरोघरी नेमकी तीच नसते.

मग मी तिला एक काम दिले. वाचत असलेल्या कादंबरीतील जिचा तिला सर्वांत राग येत होता, त्या पै-पैचा हिशेब मागणाऱ्या मावशीच्या तोंडून अर्धे पान लिहायचे, आणि त्यातील प्रत्येक वाक्याला पुस्तकातला आधार हवा. ते तिने झकास लिहिले. तेच आजीविषयी लिहायला सांगितले, तेव्हा कागदावर एवढेच आले: "आजीला माझे वाचन आवडत नाही, म्हणून ती सारख्या हाका मारते." याला आधार काय, या प्रश्नावर ती गप्प झाली. कादंबरीत पात्राचे मन लेखक उघडून दाखवतो. आजीचे मन तसे कोणी दाखवत नाही, तिला विचारावेच लागते.

तिने विचारले. आजीची उमर मागांच्या खडखडाटात कांड्या भरण्यात गेली होती आणि तशा आवाजात वर्षे काढलेल्यांचे होते तसे तिचे कान अधू झाले होते. नात पुस्तकात तोंड घालूनच "हो, आले" म्हणायची. ते आजीला ऐकू जात नसे, ओठही दिसत नसत, म्हणून ती पुन्हा हाक मारायची. भाषणातला सर्वांत भक्कम परिच्छेद यातूनच तयार झाला, आणि "वाचणारी मुले चांगली माणसे होतात" हे वाक्य तिने स्वतःहून खोडले.

तुमच्या घरी "भाषणात सांगतेस तशी वाग की!" हा टोमणा तेवढा टाळा, त्याने मुलगी बदलत नाही, पुस्तक मात्र लपवून वाचू लागते. जेवताना एखाद्या पात्राविषयी "त्याने असे का केले असेल?" एवढेच विचारा आणि तात्पर्य विचारू नका. तिने सांगितलेल्या कारणाहून वेगळे एखादे कारण तुम्हीही सुचवा, म्हणजे ती ताडून पाहील. आजीविषयीचा प्रश्न काही दिवसांनी, आजी समोर नसताना काढा. मात्र मैत्रिणी तुटल्या असतील, झोप किंवा भूक बिघडली असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील आणि पुस्तक केवळ दार लावून घेण्याचे निमित्त झाले असेल, तर प्रश्न वाचनाचा नाही. अशा वेळी स्पर्धा होईपर्यंत न थांबता तिला समुपदेशकाकडे घेऊन जा.