वर्धापनदिनाचे भाषण : आभार सगळ्यांचे, झुकते माप कोणालाच नाही

प्रश्न : आमच्या फाउंड्रीच्या वर्धापनदिनाला सगळ्यांचे आभार मानण्यासाठी मला सहा-सात मिनिटे मिळणार आहेत. मागच्या वर्षी मशीन शॉपचे कौतुक जास्त झाले म्हणून मोल्डिंगवाले कार्यक्रम संपण्याआधीच उठून गेले होते. यंदा रिजेक्शन बरेच कमी झाले आहे आणि त्याचे श्रेय प्रत्येक विभागाला हवे आहे. फेटलिंगमधले बहुतेक जण कंत्राटी आहेत, त्यांचा उल्लेख कसा करावा हेही समजत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर :

कोल्हापूर भागातल्या फाउंड्रींच्या कार्मिक विभागात माझी नोकरी झाली, त्यामुळे अशी भाषणे मी लिहूनही दिली आहेत आणि मागच्या रांगेत कामगारांबरोबर बसून ऐकलीही आहेत. मागच्या रांगेत एक गोष्ट पक्की कळते. आपल्या विभागाबद्दल वक्ता काय म्हणाला यापेक्षा तो कितव्या क्रमांकावर म्हणाला, किती वेळ बोलला आणि शेजारच्या विभागाला कोणते विशेषण दिले, याचा हिशेब लोक जास्त काटेकोरपणे ठेवतात. म्हणून आधी क्रम ठरवावा, वाक्ये नंतर लिहावीत.

क्रमासाठी मला सर्वांत निर्धोक वाटलेली वाट म्हणजे कास्टिंगची वाट. माल ज्या क्रमाने कारखान्यातून फिरतो त्याच क्रमाने आभार मानावेत आणि तसे सुरुवातीलाच एका वाक्यात सांगून टाकावे : ‘स्क्रॅपचा ट्रक गेटवर येतो तिथपासून तयार माल गेटबाहेर पडतो तिथपर्यंत आपण आज एकदा सगळे मिळून जाऊ.’ एवढे म्हटले की पुढचा क्रम तुमचा राहत नाही, कामाचा होतो. मग पॅटर्न शॉप, कोअर शॉप, सँड प्लांट आणि मोल्डिंग, मेल्टिंग, नॉकआउट, शॉट ब्लास्टिंग, फेटलिंग, मशीन शॉप, अंतिम तपासणी आणि डिस्पॅच असे पुढे जाता येते. जे विभाग या वाटेवर थेट येत नाहीत, त्यांना शेवटी ‘तसेच’ म्हणून एका गाठोड्यात बांधू नये. माल जिथे त्यांना भेटतो तिथेच त्यांचे आभार मानावेत. सिक्युरिटी आणि वजनकाटा ट्रकबरोबर पहिल्याच वाक्यात येतात, स्टोअर त्यांच्या मागोमाग, मेंटेनन्स भट्टीपाशी, कँटीन पाळीच्या मध्यावर आणि अकाउंट्स डिस्पॅचनंतर बिलापाशी. एरवी भाषणाच्या तळाशी ढकलला जाणारा वॉचमन या मांडणीत पहिला येतो आणि त्यावर कोणी हरकतही घेऊ शकत नाही.

वेळेचे गणित सोपे आहे. सभेत सावकाश, थांबत बोलले तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. सहा मिनिटांचे सहाशे शब्द धरले आणि प्रस्तावना, व्यवस्थापन व कुटुंबीय यांना मिळून दीडशे दिले, तर साडेचारशे उरतात. पंधरा विभाग असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला तीस शब्द, म्हणजे दोन मध्यम वाक्ये. मसुदा झाला की प्रत्येक विभागाचे शब्द खरोखर मोजावेत. ज्या विभागातून आपण स्वतः वर आलो त्याचा मजकूर आपोआप लांबतो, आणि कान देऊन बसलेल्यांना ते लगेच जाणवते.

आता या दोन वाक्यांत काय असावे? विशेषणे नकोत. एकाला ‘कारखान्याचा कणा’ म्हटले की बाकीच्यांना काय म्हणायचे हा प्रश्न उभा राहतो, आणि सगळ्यांनाच कणा म्हटले तर ते कोणालाच म्हटल्यासारखे होत नाही. ‘विशेष आभार’ हा शब्दप्रयोगही पूर्ण भाषणातून काढून टाकावा, कारण तो ज्याच्यासाठी वापरला नाही त्याचे आभार साधे ठरतात. ‘यांनाही विसरून चालणार नाही’ हे वाक्य तर सर्वांत घातक. आपण यांना विसरलोच होतो, अशी ती जाहीर कबुली असते. त्याऐवजी प्रत्येक विभागाचे या वर्षातले एक काम सांगावे, आणि ते त्या विभागाच्या प्रमुखाकडून न घेता पुढच्या विभागाकडून घ्यावे. कोअर शॉपने काय केले हे मोल्डिंगला विचारावे, फेटलिंगने काय केले हे मशीन शॉपला. प्रमुखाला विचारले तर तो कामांची यादी देतो. पुढच्या विभागाला विचारले तर ‘यंदा त्यांच्यामुळे आमचा अमुक त्रास वाचला’ असे उत्तर येते. हे दुसरे उत्तर मंचावरून सांगितले की कौतुक तुमच्या तोंडून आलेले राहत नाही, शेजाऱ्याच्या तोंडून आलेले ठरते, आणि पक्षपाताचा आरोप तिथेच बोथट होतो.

उदाहरणादाखल कोअर शॉपचा मजकूर असा होऊ शकेल : ‘पावसाळ्यात कोअर हवेतला ओलावा धरतात आणि तो पुढे ब्लो-होल होऊन बाहेर पडतो. यंदा पावसाळाभर कोअर शॉपने कोअर साठवून न ठेवता लागतील तसे ताजे दिले, असे मोल्डिंगचे लोक आवर्जून सांगतात.’ हे वाक्य तपासण्याची माझी एक रीत आहे. त्यातले ‘कोअर शॉप’ खोडून ‘स्टोअर’ लिहावे. तरीही वाक्य चालत असेल तर ते पोकळ आहे असे समजून पुन्हा लिहावे. ‘अहोरात्र मेहनत घेऊन मोलाचे योगदान दिले’ हे वाक्य कोणत्याही विभागाला चालते, म्हणून ते कोणालाच लागू पडत नाही. अर्थात शेजाऱ्याने सांगितलेली गोष्ट एकदा पर्यवेक्षकाकडून खात्री करून घ्यावी, कारण चुकीची स्तुती झाली तर सभागृहात हशा पिकतो.

रिजेक्शनचा प्रश्न मात्र खरोखर नाजूक आहे, कारण तिथे सगळ्यांचे म्हणणे थोडेथोडे खरे असते. ‘सर्वांच्या सहकार्याने रिजेक्शन कमी झाले’ असे म्हणून सुटका करून घेण्याचा मोह होतो, पण ते ऐकून कोणाचेच समाधान होत नाही. यावर उपाय क्वालिटीच्या रिजेक्शन रजिस्टरमध्ये आहे. त्यात एकूण आकड्याबरोबर दोषनिहाय नोंद असते, आणि प्रत्येक दोषाचे मूळ बहुधा वेगळ्या शॉपकडे जाते. वाळूचे कण अडकून आलेले दोष कमी झाले असतील तर ते सँड प्लांट आणि मोल्डिंगचे काम : वाळूतल्या पाण्याचे प्रमाण सांभाळणे आणि साचा बंद करण्यापूर्वी तो नीट झाडून घेणे. स्लॅगचे दोष घटले असतील तर मेल्टिंगवाल्यांनी रस ओतण्यापूर्वी मळी व्यवस्थित काढली. ब्लो-होल घटले असतील तर कोअर आणि त्यातल्या वायूला बाहेर पडायची वाट. आकसल्याने पडणारी पोकळी कमी झाली असेल तर पॅटर्न आणि मेथडिंगमधला बदल. मागच्या वर्षीचे आणि यंदाचे पान शेजारी ठेवून पाहिले की श्रेयाची वाटणी तुम्हाला करावी लागत नाही, ती रजिस्टरनेच केलेली असते. एकूण घट भाषणात एकदाच सांगावी, तीही शेवटी अंतिम तपासणीपाशी, आणि त्याआधी प्रत्येक शॉपला त्याच्या दोषापुरते श्रेय मिळालेले असावे.

इथे एक मर्यादा लक्षात ठेवावी. एखादा दोष यंदा घटलाच नसेल तर त्या शॉपला रिजेक्शनच्या श्रेयात ओढून आणू नये. ज्यांना रजिस्टर माहीत आहे ते गालातल्या गालात हसतात. त्या शॉपचे दुसरे काम सांगावे, उदाहरणार्थ नव्या ग्राहकाचे पॅटर्न ठरल्या तारखेला उभे केले. आणि क्वालिटीचे आभार मानताना ‘यांनी आमच्या चुका पकडल्या’ हा नेहमीचा विनोद टाळावा. एरवी तो खपून जातो, पण घरची मंडळी समोर बसलेली असताना प्रॉडक्शनवाल्यांना तो झोंबतो.

फेटलिंगविषयी माझे मत जरा ठाम आहे. भाषणात ‘कायम’ आणि ‘कंत्राटी’ हे दोन्ही शब्द अजिबात येऊ नयेत. ‘आमच्या कंत्राटी बांधवांचेही आभार’ असे म्हटले की आभारांच्या आधी भेद पोहोचतो. शिवाय कोणाला कारखान्याचा कर्मचारी म्हणावे याबाबत व्यवस्थापन आणि कंत्राटदार दोघेही सावध असतात, त्यामुळे दर्जाचा उल्लेख कोणत्याच बाजूने न केलेला बरा. विभागाचे नाव घ्यावे आणि कामाचे वर्णन करावे : ‘साच्यातून निघालेले कास्टिंग ग्राहकापुढे ठेवण्याजोगे होते ते फेटलिंगमध्ये. दिवसभर ग्राइंडर हातात धरून, धूळ आणि आवाज सोसत या मंडळींनी कडा इतक्या नेटक्या काढल्या, की फिक्स्चरमध्ये बसत नाही म्हणून कास्टिंग परत पाठवण्याची वेळ यंदा क्वचितच आली, असे मशीन शॉप सांगते.’ मशीन शॉपच्या तोंडून हे आले तर तुमच्याकडच्या मागच्या वर्षीच्या रुसव्यावरही थोडा उतारा पडेल. मात्र हे करण्याआधी त्या मंडळींना कार्यक्रमाचे निमंत्रण आणि जेवणाचे कूपन मिळाले आहे ना, हे पाहून घ्यावे. ज्यांना बोलावलेच नाही त्यांचे मंचावरून आभार मानणे फारच वाईट दिसते.

कार्यक्रमाच्या वेळी भट्टी चालू असेल तर मेल्टिंगची एक तुकडी, मेंटेनन्सचा एखादा वायरमन आणि गेटवरची माणसे सभागृहात नसणार. भट्टीत रस असताना ती सोडून येता येत नाही, हे त्यांच्या घरच्यांना ठाऊक असतेच असे नाही. ‘आपण इथे बसलो आहोत ते या घडीला कामावर असलेल्यांमुळे’ हे वाक्य त्या विभागापाशी आले की जरूर घ्यावे.

व्यक्तींची नावे घ्यायची की नाही? माझ्या मते आभाराच्या भाषणात घेऊ नयेत. एकतर प्रत्येक विभागातले एक नाव घ्यावे लागते आणि मग त्या विभागातच भांडण लागते, किंवा काहींचीच घ्यावी लागतात आणि मग सगळीकडे लागते. उत्कृष्ट कामगार, हजेरी, कायझेन यांची बक्षिसे नावांसाठीच असतात. ते काम तिथे होऊ द्यावे आणि बक्षीस मिळालेल्यांचा भाषणात पुन्हा उल्लेख करू नये. चेअरमन आणि संचालक यांच्यासाठी एक वाक्य पुरे, तेही सुरुवातीला. कुटुंबीयांच्या बाबतीत ‘त्याग’ वगैरे न म्हणता तिसऱ्या पाळीसाठी रात्री भरून दिलेल्या डब्याचा उल्लेख केला तरी पोहोचते.

मसुदा झाल्यावर तो विभागप्रमुखांना दाखवू नये, कारण प्रत्येक जण आपल्या विभागासाठी आणखी एक ओळ मागतो. त्याऐवजी मोल्डिंगमधला एक जुना कामगार, मशीन शॉपमधला एक तरुण ऑपरेटर आणि ऑफिसमधले कोणी एक अशा तिघांना वाचून दाखवावा आणि एवढेच विचारावे : कोणाचे जास्त झाले? तिघांनी एकच विभाग सांगितला तर तिथली ओळ कमी करावी.

शेवटची अडचण मंचावरच येते. बोलायला उभे राहिल्यावर कोणीतरी चिठ्ठी सरकवतो : ‘यांचेही नाव घ्या.’ चिठ्ठीत राहून गेलेला विभाग असेल तर मालाच्या वाटेवर त्याची जागा जिथे येते तिथे तो घ्यावा. ती जागा मागे पडली असेल तर डिस्पॅचच्या आधी, ‘राहून गेले’ असे न म्हणता, इतरांच्याच सुरात एका वाक्यात घ्यावा. चिठ्ठीत व्यक्तीचे नाव असेल तर ती घडी घालून खिशात ठेवावी आणि भाषण संपल्यावर निवेदकाच्या हातात द्यावी. बक्षीस समारंभात ते नाव कुठे बसवायचे हे तो पाहील.