व्याकरणाचे पुस्तक पहिल्या पानापासून वाचावे का?

प्रश्न : मी मराठी विषय घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे मुद्रितशोधन आणि अनुवादाचे काम करण्याची इच्छा आहे. त्यासाठी व्याकरणाचा जाड ग्रंथ घेतला. पण वर्णविचार आणि संधी यांच्यापुढे वाचन सरकत नाही. संपूर्ण ग्रंथ वाचून झाल्याशिवाय कामाला सुरुवात करू नये का?

उत्तर : कामाला आताच सुरुवात करावी आणि ग्रंथ हाताशी ठेवावा. व्याकरणग्रंथांतील प्रकरणांचा क्रम शास्त्राच्या सोयीचा असतो. आधी वर्ण, मग संधी, मग शब्दांच्या जाती, विभक्ती, समास, प्रयोग असा तो चालतो. मुद्रितशोधकाला पडणाऱ्या शंका मात्र या क्रमाने येत नाहीत. त्यांतल्या बऱ्याचशा ऱ्हस्व-दीर्घाच्या आणि सामान्यरूपाच्या असतात, आणि तुम्ही अजून तेथवर पोहोचलेलाच नाहीत.

एक वाक्य घेऊ : ‘त्या वकीलाने आपल्या शरिराची हेळसांड केली.’ वाचताना ‘वकीलाने’ खटकले, तर शब्दाखाली रेघ ओढा, पण लगेच ग्रंथ उघडू नका. पान वाचून संपले की मग शंकेला नाव द्या. येथे ‘वकील’ला प्रत्यय लागताना ‘की’ बदलली पाहिजे का, असा प्रश्न आहे. प्रत्ययापूर्वी शब्दाचे जे रूप होते ते सामान्यरूप, आणि शेवटून दुसरे अक्षर ते उपान्त्य. ही दोन नावे ठाऊक असली की नेमके पान सापडते. नसली तर सूची असूनही उपयोग होत नाही. म्हणून ग्रंथ नव्हे, पण त्याची अनुक्रमणिका मात्र एकदा सावकाश, उपशीर्षकांसह, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी. मराठी व्याकरणाच्या अनेक पुस्तकांना शेवटी शब्दसूची नसते, त्यामुळे अनुक्रमणिकेवरच भिस्त ठेवावी लागते. सापडलेल्या मुद्द्याचा पृष्ठांक मागच्या कोऱ्या पानावर टिपत गेलात, तर तुमच्या उपयोगाची सूची आपोआप तयार होईल.

नियम असा सापडेल : उपान्त्य ई-कार किंवा ऊ-कार दीर्घ असेल, तर सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो, म्हणून गरीब-गरिबाला, वकील-वकिलाने. बहुतेक जण येथेच पुस्तक मिटतात आणि फसतात. हाच नियम शरीर या शब्दाला लावला की ‘शरिराची’ हे रूप तयार होते, आणि ते चूक आहे. कारण नियमाखालीच अपवाद दिलेला असतो : दीर्घोपान्त्य तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांत ही दीर्घता टिकते. म्हणून शरीराची, सूत्राला, जीवाला. तेव्हा वाक्यात दुरुस्त्या दोन आहेत आणि त्या उलट दिशांच्या आहेत : वकिलाने ऱ्हस्व, शरीराची दीर्घ. पाहण्याचे काम अपवाद वाचेपर्यंत संपत नाही, हे पथ्य पाळावे.

शब्द तत्सम आहे की नाही, हे मात्र व्याकरणाचे पुस्तक प्रत्येक वेळी सांगणार नाही. त्यासाठी व्युत्पत्ती देणारा शब्दकोश शेजारी हवा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात ‘शरीर’पुढे संस्कृतची आणि ‘गरीब’पुढे अरबीची खूण आहे. प्रश्न तेथे मिटतो.

या पद्धतीला एक मोठी मर्यादा आहे. शंका आली तरच माणूस पुस्तक उघडतो, आणि जी चूक खटकतच नाही ती तशीच छापली जाते. वरच्या वाक्यात ‘वकीलाने’ खटकले, पण ‘शरिराची’ डोळ्यांखालून निसटले, असे सहज घडते. त्यावर उपाय एकच : तुम्ही तपासलेले पान अनुभवी मुद्रितशोधकाकडून किंवा शिक्षकांकडून पुन्हा तपासून घ्यावे, आणि त्यांनी केलेली, तुम्हाला न सुचलेली प्रत्येक दुरुस्ती ग्रंथात शोधून काढावी. सुरुवातीच्या महिन्यांत खरी भर यातूनच पडते. एकाच मुद्द्यासाठी तेच पान पुन्हापुन्हा उघडावे लागत असेल, तर पाहून भागत नाही असे समजावे. तेव्हा ते एक प्रकरण सलग वाचून त्यावरचे स्वाध्याय सोडवावेत.

सलग वाचायचा मजकूर आणखी एक आहे, आणि सुदैवाने तो थोडा आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शासनमान्य लेखनविषयक नियम एकूण 18 आहेत. 1962 मध्ये 14 मान्य झाले, 1972 मध्ये त्यांत 4 वाढले. ते उदाहरणांसह पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावेत, कारण मुद्रिताचा निवाडा बहुधा त्यांच्याच आधारे होतो. वृत्ते, अलंकार आणि प्रयोगांचे उपप्रकार तूर्त बाजूला ठेवले तरी चालतील. स्पर्धा परीक्षा द्यायची ठरवलीत, तर मात्र तेथे प्रयोग आणि समास ओळखायला सांगतात; ती प्रकरणे तेव्हा नीट बसून वाचावी लागतील.