"छानच दिसतेस" म्हणायच्या आधी

भावा, लग्नाला निघताना ब्लाउज दंडात घट्ट झाला म्हणून वहिनी पलंगावर बसून राहिल्या आणि तू लगेच "अगं, छानच दिसतेस" म्हणालास. चूक तिथेच झाली. तिला वाटतं, याने ऐकूनच घेतलं नाही. असा दिलासा तासभरही टिकत नाही, मग ती पुन्हा विचारते.

आमच्याकडे बाळंतपणानंतर हेच झालं. सुरुवातीला एवढंच कर:

- आधी विचार, "आज काय झालं?" हिला लोकलमध्ये कुणीतरी सीट देताना "कितवा महिना?" विचारलं होतं. दुखणं ब्लाउजचं नव्हतंच.
- मग खरं बोल: "हो, दंडात घट्ट झालाय. शिवणीत माया आहे, टेलरकडून उसवून आणतो. आज निळा घाल, तो नीट बसतो."
- जिम, डाएट आपणहून काढू नकोस.

आणि तुझ्या आईने, मावशीने "जाड झालीस गं" म्हटलं, तर तिथल्या तिथे तूच थांबव. माझं हे फार उशिरा झालं.

ती जेवण टाळायला लागली किंवा दिसण्यापायी घराबाहेर पडणंच बंद झालं, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मोफत आहे.