असामान्य हानीला समतुल्य एककं का द्यायची आणि तिचा जॉइंट कॉस्टशी काय संबंध?

प्रश्न: "प्रोसेस कॉस्टिंगमध्ये माल खराब झाला तर झाला, त्याची समतुल्य एककं का काढायची? आणि पुढे त्याच प्रक्रियेतून दोन उत्पादनं निघत असतील तर खर्च किलोवर वाटला तर काय बिघडतं?"

दोन्ही ठिकाणी बिघाड एकाच प्रकारचा होतो: बेरीज जुळते आणि उत्तर चुकतं. म्हणून मी एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. समतुल्य एककं म्हणजे अर्धवट झालेलं काम किती पूर्ण एककांइतकं आहे याचा हिशेब.

प्रक्रियेत १०,००० किलो कच्चा माल सुरुवातीलाच घातला, किंमत १,९२,००० रुपये. मजुरी आणि इतर रूपांतरण खर्च ८८,००० रुपये. सुरुवातीचा अर्धवट माल नाही. सामान्य हानी ५ टक्के, म्हणजे ५०० किलो, आणि ती भंगारात ४ रुपये किलोने जाते. महिनाअखेर ८,००० किलो पूर्ण झाला, १,००० किलो ६० टक्के टप्प्यावर अर्धवट आहे. उरलेला १,००० किलो तपासणीत बाद झाला. त्यातले ५०० किलो अपेक्षितच होते, बाकीचे ५०० असामान्य.

सामान्य हानीला एककं देत नाहीत. तिचे भंगाराचे २,००० रुपये मालाच्या खर्चातून वजा करायचे, राहतात १,९०,०००. तिचा उरलेला भार बाकीच्या मालावर आपोआप पसरतो, कारण ती उत्पादनाची अटळ किंमत आहे. असामान्य हानी मात्र चांगल्या मालाची किंमत नव्हे, म्हणून तिला स्वतःचा वाटा उचलायला लावायचा. माल तिच्यात पूर्ण गेला आहे: ५०० एककं. रूपांतरण किती झालं, हे तपासणी कोणत्या टप्प्यावर होते त्यावर ठरतं. इथे ती ४० टक्क्यांवर होते, म्हणून २०० एककं. इथे अर्धवट मालाचे ६० टक्के लावणं ही मला सर्वाधिक दिसलेली चूक आहे.

मालाची एककं ८,००० + १,००० + ५०० = ९,५००, दर २० रुपये. रूपांतरणाची ८,००० + ६०० + २०० = ८,८००, दर १० रुपये. पूर्ण मालाचा खर्च २,४०,०००, अर्धवट मालाचा २६,००० आणि असामान्य हानीचा १२,००० रुपये. हे १२,००० वेगळ्या खात्यात जातात, तिथे त्या ५०० किलोंच्या भंगाराचे २,००० जमा होतात आणि उरलेले १०,००० थेट नफा-तोटा खात्यात.

आता असामान्य हानी गाळून बघा. मालाची एककं ९,०००, रूपांतरणाची ८,६००. दोन्ही दर वाढतात आणि पूर्ण मालाचा खर्च सुमारे २,५०,७५० होतो. सगळा २,७८,००० रुपयांचा खर्च तरीही कुठे ना कुठे बसतोच, त्यामुळे रुपयांचा ताळा काहीच सांगत नाही. चूक फक्त किलोंचा ताळा पकडतो: आत १०,००० गेले, हिशेबात ९,५०० दिसतात. मी एका कारखान्याचे पत्रक तपासत असताना आधी रुपये जुळवले आणि समाधान मानलं. तो अख्खा दिवस वाया गेला. तेव्हापासून किलो आधी.

एक मर्यादा इथे सांगायला हवी. अर्धवट माल तपासणीच्या पुढे गेलेला आहे म्हणून सामान्य हानीचा भार त्याच्यावरही पडणं योग्य आहे. तो ४० टक्क्यांच्या अलीकडे असता, तर हा भार त्याच्यावर टाकणं चुकीचं ठरलं असतं.

आता २,४०,००० हा जॉइंट कॉस्ट, म्हणजे दोन्ही उत्पादनांचा वेगळे होण्याआधीचा सामाईक खर्च. पूर्ण झालेल्या ८,००० किलोंतून पहिलं उत्पादन ५,००० किलो, दुसरं ३,००० किलो निघतं. पहिलं तिथेच ४८ रुपये किलोने, म्हणजे २,४०,००० ला विकलं जातं. दुसऱ्यावर आणखी ४०,००० खर्चावे लागतात, मग ते ४० रुपयांनी, १,२०,००० ला जातं.

किलोवर वाटलं तर दुसऱ्याच्या वाट्याला ९०,००० येतात. वर ४०,००० धरले की त्यात १०,००० तोटा दिसतो आणि कुणीतरी ते बंद करायला सांगतं. प्रत्यक्षात ते बंद केलं तर ४०,००० वाचतील पण १,२०,००० जातील, म्हणजे ८०,००० चं नुकसान. २,४०,००० तर झालेलेच असतील. म्हणून निव्वळ विक्रीमूल्यावर वाटणी करायची: पहिल्याचं २,४०,०००, दुसऱ्याचं १,२०,००० वजा ४०,००० म्हणजे ८०,०००. प्रमाण ३:१. पहिल्यावर १,८०,०००, दुसऱ्यावर ६०,०००. नफा ६०,००० आणि २०,०००. एकूण नफा दोन्ही पद्धतींत ८०,०००च, बदलतो तो फक्त चेहरा. ही वाटणी साठ्याच्या मूल्यांकनासाठी आहे. उत्पादन ठेवायचं की नाही, हे ठरवताना तिच्याकडे बघूच नका. त्यासाठी फक्त पुढचा खर्च आणि त्यातून येणारी विक्री बघा.

हानी गाळून आलेले २,५०,७५० जर असेच वाटले असते, तर बाद मालाचे जवळपास १०,७५० रुपये ३:१ ने दोन्ही उत्पादनांच्या साठ्यात शिरले असते आणि तो माल विकला जाईपर्यंत ताळेबंदात मालमत्ता म्हणून बसून राहिले असते.