लांब इंग्रजी बातमी मराठीत थोडक्यात देताना काय सुटतं

प्रश्न: आमच्या वाचनालयाच्या ग्रुपवर मी रोज एक मोठी इंग्रजी बातमी शंभर-सव्वाशे शब्दांत मराठीत देते. आकडे तपासूनच टाकते, तरी मूळ बातमी वाचलेले लोक म्हणतात, "तिथं असं नव्हतं म्हटलेलं." नेमकं कुठं बिघडतं? टाळायचं कसं?

उत्तर:

आकडे बरोबर असूनही तक्रार येत असेल, तर बहुधा तुम्ही लिहिलंय त्यात चूक नाही, वगळलंय त्यात आहे. मी बरीच वर्षं एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर एजन्सीच्या इंग्रजी कॉप्या मराठीत करतोय. सारांश बिघडण्याचं जे कारण मला सगळ्यांत जास्त वेळा दिसलं तेच सांगतो. इंग्रजी बातमीत दावा पहिल्या परिच्छेदात असतो आणि त्या दाव्याची मर्यादा सातव्या नाहीतर दहाव्या परिच्छेदात. आपण वरून खाली वाचत आटोपतं घेत जातो, शब्द संपतात आणि मर्यादा बाहेर राहते. प्रत्येक वाक्य खरं, पण गोळाबेरीज खोटी.

एक बातमी घेऊनच दाखवतो. १४ जुलै २०२३ला अ‍ॅस्पार्टेमची बातमी आली. डाएट शीतपेयं, साखरविरहित च्युइंगगम वगैरेंत वापरला जाणारा हा कृत्रिम गोडवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या छत्राखालची कर्करोग संशोधन संस्था, आयएआरसी, हिने तो 'माणसात कर्करोगास कारणीभूत असण्याची शक्यता' असलेल्या २बी गटात टाकला. जगभरच्या इंग्रजी बातम्या साधारण इथूनच सुरू झाल्या. पुढे शीतपेयांचा बाजार, उद्योगाच्या संघटनांचं म्हणणं, जुने वाद. आणि या सगळ्याच्या मधेमधे चार गोष्टी विखुरलेल्या होत्या.

पहिली, आयएआरसीनेच पुरावा 'मर्यादित' असल्याचं म्हटलं होतं, आणि तो प्रामुख्याने यकृताच्या एका प्रकारच्या कर्करोगापुरता. दुसरी, त्याच दिवशी जेक्फा या दुसऱ्या समितीने रोज किती अ‍ॅस्पार्टेम चालेल याची जुनी मर्यादा जशीच्या तशी ठेवली: शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम. ही समिती जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना या दोघांची मिळून आहे. तिसरी, आरोग्य संघटनेचे पोषण विभागाचे संचालक फ्रान्चेस्को ब्रांका यांनी सांगितलं की कंपन्यांनी माल मागे घ्यावा असं आम्ही म्हणत नाही, लोकांनी पूर्ण बंद करावं असंही नाही, जरा बेताने घ्या एवढंच. चौथी, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला आयएआरसीचा निष्कर्ष मान्य नव्हता.

आता वरून खाली आटोपलेला सारांश कसा होतो बघा:

'डाएट शीतपेयांमध्ये वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅस्पार्टेममुळे कर्करोग होण्याची शक्यता असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले आहे. जगभरात हजारो उत्पादनांत हा पदार्थ वापरला जातो. शीतपेय उद्योगाने मात्र हा पदार्थ सुरक्षित असल्याचे म्हटले आहे.'

यात पकडून दाखवावी अशी ढोबळ चूक नाही. पण वाचणाऱ्याला वाटतं, एका बाजूला आरोग्य संघटना आणि दुसऱ्या बाजूला धंदेवाले. खरा मतभेद तसा नव्हताच. आरोग्य संघटनेशी संबंधित दोन समित्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होत्या. आयएआरसी बघते की एखादी वस्तू कर्करोग करू शकते का आणि त्याला पुरावा किती भक्कम आहे. जेक्फा बघते की माणसं खातात तेवढ्या प्रमाणात धोका आहे का. सारांशात जेक्फा गळली, की सुरक्षिततेची बाजू मांडायला उद्योग एकटाच उरतो आणि ती बाजू आपोआप संशयास्पद वाटू लागते. मराठी वाचकाला तुम्ही एक शब्दही खोटा न सांगता वेगळी बातमी दिलीत.

म्हणून मी लिहायला घेण्याआधी पेन्सिल घेऊन जोड्या लावतो. प्रत्येक दाव्यासमोर त्याला बांधणारी गोष्ट: कोण म्हणालं, किती खात्रीने, किती प्रमाणापुरतं, कोणासाठी. इथे दोन जोड्या निघतात. '२बी गट' आणि 'पुरावा मर्यादित' ही एक. 'वर्गीकरण झालं' आणि 'सेवनाची मर्यादा तीच राहिली' ही दुसरी. यानंतर नियम एकच: जोडीतला एक ठेवून दुसरा काढायचा नाही. जागा कमी पडली तर अख्खी जोडी जाईल, नाहीतर दोन्ही राहतील. बाजार, उद्योग, जुना इतिहास हे सुटं सामान आहे, ते आधी काढा.

आकड्यांचीही अशीच जोडी असते आणि तिथे जास्त सांभाळावं लागतं. त्या दिवशी आरोग्य संघटनेनेच एक उदाहरण दिलं होतं. डाएट पेयाच्या एका कॅनमध्ये २०० किंवा ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेम असेल, तर ७० किलो वजनाच्या प्रौढ माणसाला मर्यादा ओलांडायला दिवसाला ९ ते १४पेक्षा जास्त कॅन प्यावे लागतील, तेही इतर कुठल्या पदार्थातून अ‍ॅस्पार्टेम पोटात जात नाही असं धरून. असा आकडा आला की मी तो करून बघतो. ७० गुणिले ४० म्हणजे २८०० मिलिग्रॅम. भागिले ३०० केलं की नऊच्या थोडं वर, भागिले २०० केलं की बरोबर १४. म्हणजे ९ आणि १४ हे दोन टोकांचे आकडे कुठून आले ते कळलं. आणि हेही कळलं की '७० किलो' हे शब्द भरतीचे नाहीत. ते काढून 'दिवसाला चौदा कॅनपर्यंत धोका नाही' असं लिहिलंत, तर वीस किलोच्या पोराच्या आईबापालाही तो आकडा आपलाच वाटेल. त्या पोराची मर्यादा ८०० मिलिग्रॅमवर, म्हणजे तीन-चार कॅनच्या आसपासच येते.

हा मुलाचा हिशेब मात्र सारांशात घालू नका. तो बरोबर आहे, उपयोगाचाही आहे, पण मूळ बातमीत नाही. तो माझा आहे. सारांशात आपली भर पडली की वाचकाला ती मूळ लेखाचीच वाटते. सांगायचाच असेल तर सारांश संपल्यावर वेगळ्या ओळीत, 'माझी नोंद' असं लिहून सांगा. हेच 'आपल्याकडे तर सर्रास पितात' अशा वाक्यालाही लागू.

शंभर-सव्वाशे शब्दांत मी ही बातमी अशी देईन:

'अ‍ॅस्पार्टेम या कृत्रिम गोडव्याची नोंद आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोगास कारणीभूत असण्याची शक्यता असलेल्या (२बी) गटात केली आहे. मात्र यकृताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध दाखवणारा पुरावा मर्यादित असल्याचे संस्थेने म्हटले आहे. हा गट पुराव्याचा भक्कमपणा सांगतो, किती सेवनाने किती धोका हे सांगत नाही. सेवनाचा विचार करणाऱ्या जेक्फा या दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा, वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम, कायम ठेवली. ७० किलोच्या प्रौढ व्यक्तीने अन्य पदार्थांतून अ‍ॅस्पार्टेम घेतले नाही, तर ही मर्यादा ओलांडण्यास डाएट पेयाचे दिवसाला ९ ते १४हून अधिक कॅन लागतील. पेये पूर्ण बंद करण्याचा सल्ला नसून बेताने घ्यावीत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या अधिकाऱ्यांनी सांगितले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आयएआरसीच्या निष्कर्षाशी असहमती दर्शवली आहे.'

उद्योगाचं म्हणणं गेलं, बाजार गेला. ब्रांकांचं नाव गेलं, पण सल्ला राहिला, कारण वाचक उद्या दुकानात जाऊन काय करायचं ते त्याच वाक्यावरून ठरवणार आहे. नाव ठेवून सल्ला काढणं हा उलटा सौदा होतो. आणि त्या वाक्याला अवतरणचिन्हं नाहीत, हे बघा. ते इंग्रजीत बोलले, मराठी शब्द माझे आहेत, शिवाय मी ते आटोपलेत. तेव्हा 'असे सांगितले' एवढंच म्हणायचं.

'म्हटले आहे', 'सांगितले' ही शेपटं शब्द वाचवायला कापावीशी वाटतात. पहिल्यांदा जरूर ठेवा. इंग्रजीत ते वाक्याच्या शेवटी स्वल्पविराम देऊन चिकटवलेलं असतं, म्हणून वाचताना नजरेतून सुटतं. मराठीत ते गेलं की कुणाचं तरी मत घटना होऊन बसतं.

तारखेचंही तसंच. याच अ‍ॅस्पार्टेमची बातमी जूनच्या अखेरीस सूत्रांच्या हवाल्याने आधीच फुटली होती, तेव्हा वर्गीकरण जाहीर व्हायचं होतं. त्या वेळचा लेख कुणी आज तुमच्याकडे पाठवला आणि तुम्ही 'जाहीर केले' लिहिलंत, तर सूत्रांची माहिती तुमच्या हातून अधिकृत झाली. मूळ लेखाची तारीख आणि वृत्तपत्राचं नाव सारांशाखाली टाकत जा.

मथळा सगळ्यात शेवटी करा, आणि तो मूळ इंग्रजी मथळ्यावरून न करता तुमच्या सारांशावरून करा. इंग्रजी मथळ्यात बहुतेक वेळा जोडीतला एकच अर्धा असतो. इथे मी 'अ‍ॅस्पार्टेम संभाव्य कर्करोगकारक गटात; सेवनमर्यादा कायम' असा देईन. लांब वाटत असेल तर 'अ‍ॅस्पार्टेमबाबत दोन समित्यांचे निष्कर्ष' द्या, थोडा मिळमिळीत असला तरी चालेल. 'डाएट पेयांनी कर्करोग?' असं प्रश्नचिन्ह लावून सुटका होत नाही, ग्रुपवर लोक प्रश्नचिन्ह वाचत नाहीत.

टाकण्याआधी दोन तपासण्या करा. एक, सारांशाच्या प्रत्येक वाक्यापुढे मूळ लेखातल्या परिच्छेदाचा क्रमांक लिहा. ज्या वाक्याला क्रमांक सापडत नाही ते तुमचं आहे, काढा. आणि सगळे क्रमांक एक ते चारमधलेच निघाले, तर तुम्ही वरचाच भाग आटोपलाय, खालचा पुन्हा वाचा. दुसरी, लेख न वाचलेल्या कुणाला तरी सारांश द्या आणि तीन गोष्टी विचारा: हे कोण म्हणतंय, त्यांना किती खात्री आहे, आणि तू आता काय करशील? उत्तर 'डॉक्टर म्हणतात, नक्की, पिणं बंद करीन' असं आलं तर कुठली जोडी तुटली ते लगेच कळतं. माझ्या टेबलावर हे काम प्रूफ बघणारे काका करतात. तुमच्याकडे घरातलं कुणीही चालेल, फक्त त्यांनी आधी टीव्हीवर ती बातमी पाहिलेली नको.